डिसइन्फ्लेशनला डिफ्लेशन समजून मार्क घालवला: तो प्रश्न नेमका कुठे फसवतो आणि कसा सोडवायचा

प्रश्न दिसायला एकदम साधा होता. एका अर्थव्यवस्थेचा वार्षिक महागाई दर ओळीने चार वर्षांचा दिलेला, १० टक्के, ७ टक्के, ३ टक्के, १ टक्का, आणि विचारलं होतं की या काळाला काय म्हणाल. ऑप्शन चार: डिफ्लेशन, डिसइन्फ्लेशन, स्टॅगफ्लेशन, रिफ्लेशन. मी आकडे बघितले, खाली येतायत, डिफ्लेशनवर टिक मारली आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. पंधरा सेकंद गेले असतील जेमतेम. पेपर परत मिळाला तेव्हा तिथे फुली, आणि माझा पहिला विचार हाच की आन्सर की चुकलीये.

शेजारच्या मैत्रिणीला दाखवलं तर तिने फक्त एवढंच विचारलं, "यात मायनस कुठंय?" मी म्हटलं मायनस नाहीये पण दहावरून एकवर आलंय ना. तर ती म्हणाली, "मग एक टक्का स्वस्त झालं की एक टक्का महाग झालं?" तिथे माझी बोलती बंद झाली. कारण एक टक्का म्हणजे महागच झालं होतं, कमी वेगाने का होईना पण महागच.

नंतर मी हाच प्रश्न बऱ्याच जणांना शिकवला, आणि बघतो तर लोक त्याच जागी घसरतात. व्याख्या पाठ असते बरं का. डिफ्लेशन म्हणजे किमतींची सर्वसाधारण पातळी खाली येणं, डिसइन्फ्लेशन म्हणजे महागाईचा दर खाली येणं पण शून्याच्या वरच राहणं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तरी तक्ता समोर आला की हात डिफ्लेशनवरच जातो. त्यामुळे व्याख्या परत परत घोकून हे सुटत नाही, चूक आकडे वाचताना होते, आणि सुधारायचं तेच आहे.

आधी भाषेचं बोलू, कारण मराठीत हा घोळ जरा जास्तच होतो. "महागाई" हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. "काय महागाई आहे हो" म्हणतो तेव्हा वस्तू महाग आहेत असं म्हणायचं असतं, म्हणजे पातळी. आणि "महागाई पाच टक्के झाली" म्हणतो तेव्हा वस्तू किती वेगाने महाग होतायत ते सांगत असतो, म्हणजे दर. आता "महागाई कमी झाली" हे वाक्य घ्या. बातमीत ते दराबद्दल असतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते पातळीबद्दल जातं, आणि तो चिडून म्हणतो कुठे कमी झाली, सगळं तर आहे तेवढंच महाग आहे. दोघांचंही बरोबर असतं! परीक्षेत मात्र आपण बातमीवाल्याचं वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाने वाचतो आणि "कमी झाली" म्हणजे किमती उतरल्या असं धरून बसतो. त्यात हे दोन इंग्रजी शब्द, डिफ्लेशन आणि डिसइन्फ्लेशन, दोन्हीची सुरुवात सारखीच, दोन्ही काहीतरी "उलटं" सांगतायत असं वाटतं, आणि त्यातला जास्त ओळखीचा शब्द आपण उचलतो.

म्हणून मी एक सवय लावून घेतली: प्रश्नात महागाई हा शब्द आला की पेन्सिलने त्याच्यावर "दर" किंवा "पातळी" असं लिहायचं. हीच पहिली पायरी. टक्के आणि "दरवर्षी" असं काही असेल तर दर. निर्देशांक, म्हणजे १००, १०८, ११५ अशा संख्या, असतील तर पातळी. आलेख असेल तर उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, रेषेकडे नंतर बघायचं. माझ्या मते या प्रकारातल्या निम्म्या चुका इथेच थांबतात, कारण खाली जाणारी रेषा डोळ्याला फार पटकन "पडल्या किमती" असं सांगते आणि अक्षाचं नाव बारीक अक्षरात कोपऱ्यात पडलेलं असतं.

दुसरी पायरी, दर दिला असेल तर त्यातून पातळी स्वतः काढायची. कंटाळा येतो मान्य आहे, पण दोन-तीन वेळा हाताने केलं की नंतर डोक्यातच होतं. त्या प्रश्नाचेच आकडे घेऊ. पहिल्या वर्षाच्या आधी किंमत पातळी १०० धरली, तर:

```
वर्ष १:  १००    × १.१०  =  ११०
वर्ष २:  ११०    × १.०७  =  ११७.७
वर्ष ३:  ११७.७  × १.०३  =  १२१.२
वर्ष ४:  १२१.२  × १.०१  =  १२२.४
```

आता उजवीकडचा रकाना वरून खाली वाचा. ११०, ११७.७, १२१.२, १२२.४. एकदाही खाली आलाय का? नाही. दर दहावरून एकवर कोसळला आणि त्याच काळात वस्तूंची जी टोपली १०० ला मिळत होती ती १२२ च्या वर गेली. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं की डिफ्लेशनवर टिक मारायला हात धजत नाही. उत्तर डिसइन्फ्लेशन.

बाकीचे दोन ऑप्शन पटकन उडवता येतात. स्टॅगफ्लेशन म्हणायला महागाईसोबत मंदावलेलं उत्पादन किंवा वाढती बेरोजगारी याची काहीतरी माहिती लागते, ती प्रश्नात नाहीच. रिफ्लेशन म्हणजे पडलेल्या किमती आणि मागणी धोरणाने परत वर आणणं, इथे पडलेलं काही नाही.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि ती म्हणजे शून्याची रेषा. दर कुठल्या दिशेला चाललाय यावरून डिफ्लेशन ठरत नाही, तो शून्याच्या कुठल्या बाजूला आहे यावरून ठरतं. दिशा ही दुसरी गोष्ट झाली. म्हणजे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि याच क्रमाने: आधी, दर शून्याच्या वर की खाली? मग, मागच्या वर्षापेक्षा वाढला की घटला? आपण घाईत दुसरा प्रश्न आधी विचारतो आणि पहिला विसरूनच जातो, सगळा घोळ तिथे आहे.

हे पक्कं करायला वरचाच तक्ता दोन वर्षं पुढे न्या. पाचव्या वर्षी दर उणे २ टक्के, सहाव्या वर्षी उणे ०.५ टक्के.

```
वर्ष ५:  १२२.४  × ०.९८   =  १२०.०
वर्ष ६:  १२०.०  × ०.९९५  =  ११९.४
```

पाचव्या वर्षी पहिल्यांदा पातळी खरोखर उतरली, हे डिफ्लेशन. आणि सहाव्या वर्षी? दर उणे दोनवरून उणे अर्ध्यावर आला, म्हणजे आलेखात रेषा वर चढतेय, पण किमती अजूनही उतरतायतच, १२०.० वरून ११९.४. हेही डिफ्लेशनच, फक्त सौम्य झालेलं. म्हणजे रेषा खाली जात असताना महागाई असू शकते आणि रेषा वर चढत असताना डिफ्लेशन असू शकतं. परीक्षक जरा खोडकर असेल तर हा उलटा प्रश्न टाकतो, आणि ज्यांनी "खाली जाणारी रेषा म्हणजे डिसइन्फ्लेशन" असं पाठ केलंय ते या वेळी त्यावर आपटतात. अजून एक बघा, दोन वर्षं डिफ्लेशन होऊनसुद्धा ११९.४ ही पातळी दुसऱ्या वर्षाच्या ११७.७ पेक्षा वरच आहे. त्यामुळे "डिफ्लेशननंतर किमती पूर्वीच्या पातळीला आल्या" असं विधान ऑप्शनमध्ये दिसलं तर ते आपोआप खरं नसतं, मोजून बघावं लागतं.

आता खरे आकडे, कारण बनवलेल्या तक्त्यावर विश्वास बसत नाही कुणाचा. अमेरिकेत १९७९ च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि महागाई मोडायला त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला, व्याजदर प्रचंड चढू दिले. पुस्तकांमध्ये या काळाला व्होल्कर डिसइन्फ्लेशन असंच म्हणतात. तिथला ग्राहक किंमत निर्देशांक, वर्षाची सरासरी, असा होता: १९७९ ला ७२.६, १९८० ला ८२.४, १९८१ ला ९०.९, १९८२ ला ९६.५ आणि १९८३ ला ९९.६. दर काढायचा तर नवीन आकड्यातून जुना वजा करून जुन्याने भागायचं. १९८० चा येतो १३.५ टक्के, मग १०.३, मग ६.२, आणि १९८३ चा ३.२. तीन वर्षांत महागाई दर १३.५ वरून ३.२ वर आला, म्हणजे दहा अंकांहून जास्त घसरला, इतिहासात नाव होण्यासारखी घसरण. आणि त्याच तीन वर्षांत, १९८० ते १९८३, निर्देशांक ८२.४ वरून ९९.६ झाला, म्हणजे किमती सुमारे २१ टक्क्यांनी वाढल्या. डिसइन्फ्लेशन इतकं गाजलं आणि लोकांना तरी स्वस्त काहीच मिळालं नाही, उलट पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागला.

याच आकड्यांत अजून एक सापळा आहे. हे सगळे निर्देशांक १०० च्या खाली आहेत. काही जण निर्देशांक १०० पेक्षा कमी दिसला की डिफ्लेशन म्हणतात, पण १०० हा फक्त आधार काळ आहे, इथे तो १९८२ ते १९८४ हा धरलाय, म्हणून त्याच्या आधीचे आणि सुरुवातीचे आकडे शंभरच्या खाली येणारच. तुलना १०० शी करायची नाही, आधीच्या वर्षाशी करायची.

आता याच्या शेजारी खरं डिफ्लेशन ठेवून बघा. त्याच देशात, त्याच निर्देशांकावर, १९२९ ला १७.१, १९३० ला १६.७, १९३१ ला १५.२, १९३२ ला १३.७, १९३३ ला १३.०. इथे पातळीच उतरतेय. चार वर्षांत २४ टक्के. १९३० चा एकट्याचा दर काढला तर उणे २.३ टक्के येतो, म्हणजे आकडा तसा लहानच, पण तो शून्याच्या खाली आहे म्हणून डिफ्लेशन. आणि १९८० नंतरची ती दहा अंकांची घसरण कितीही मोठी असली तरी शून्याच्या वर थांबली म्हणून डिसइन्फ्लेशन. घसरण किती मोठी यावरून नाव ठरत नाही, हे या दोन ओळींवरून जितकं पटतं तितकं व्याख्येवरून पटत नाही, निदान मला तरी पटलं नव्हतं.

निर्देशांक दिलेला असताना एक वेगळीच चूक होते ती पण सांगून ठेवतो. समजा पातळी १००, ११०, १२०, १३० अशी आहे. दरवर्षी दहाच अंक वाढतायत, म्हणून लोक म्हणतात महागाई स्थिर आहे. पण दर काढा: १० टक्के, मग १२० ला ११० ने भागून ९.१, मग ८.३. हे डिसइन्फ्लेशन आहे, कारण भाजक मोठा होत चाललाय. पातळीची रेषा सरळ चढत असताना दर मात्र घसरतोय. म्हणून निर्देशांकाच्या प्रश्नात टक्के काढल्याशिवाय ऑप्शनकडे बघूच नये.

चौथी गोष्ट जरा खोल आहे आणि हुशार मुलं इथे फसतात. ते आकड्यांऐवजी परिणामांवरून ओळखायला जातात. प्रश्नात लिहिलेलं असतं की महागाई अपेक्षेपेक्षा फार कमी झाली, कर्जदारांवरचा खरा बोजा वाढला, बेरोजगारी वाढली. त्यांना आठवतं की डिफ्लेशनमध्ये कर्जाचा बोजा वाढतो, १९३३ मध्ये अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशरने मांडलेली कर्ज आणि डिफ्लेशनची साखळी आठवते, झालं, टिक. पण ही लक्षणं दोन्हीकडे सारखी दिसू शकतात.

हिशोब करून बघू. कुणीतरी १२ टक्के ठरलेल्या व्याजाने कर्ज घेतलं, तेव्हा महागाई ९ टक्के राहील असा अंदाज होता. म्हणजे खरा व्याजदर, अंदाजे, १२ वजा ९, ३ टक्के. प्रत्यक्षात महागाई ४ टक्क्यांवर आली. आता खरा दर ८ टक्के झाला, कर्जदार पिचला, आणि डिफ्लेशन कुठेच नाही. महागाई उणे २ वर गेली असती तर १२ वजा (उणे २), म्हणजे १४ टक्के, अजून वाईट. दोन्ही वेळा बोजा वाढलाच, फरक कितीचा एवढाच. व्होल्करच्या काळात अमेरिकेतली बेरोजगारी १९८२ च्या शेवटी १०.८ टक्क्यांवर गेली होती आणि तरी किमती चढतच होत्या. तेव्हा बेरोजगारी, मंदी, कर्जाचा त्रास यावरून नाव ठरवायचं नाही. ताप आहे एवढ्यावरून कुठला आजार ते जसं सांगता येत नाही तसंच हे. नाव ठरतं ते फक्त दराच्या चिन्हावरून आणि मग दिशेवरून.

याच जागी एक उलट भेद लक्षात ठेवला तर उपयोग होतो, प्रश्न अवघड असेल तर. डिसइन्फ्लेशनमध्ये ठरलेल्या हप्त्याची खरी किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी होतच राहते, फक्त आधी वाटलं होतं त्यापेक्षा हळू. डिफ्लेशनमध्ये तोच हप्ता दरवर्षी अजून जड होत जातो. ऑप्शनमध्ये "हप्त्याची खरी किंमत वाढत गेली" असं स्पष्ट असेल तर डिफ्लेशन, "अपेक्षेइतकी घटली नाही" असं असेल तर डिसइन्फ्लेशन. वाक्याचा बाकीचा भाग सारखाच ठेवून परीक्षक फक्त एवढाच तुकडा बदलतात.

शब्दांवरून आठवलं, "वाढीचा वेग" आला की थांबून मोजा की आपण कितव्या मजल्यावर आहोत. किमती हा तळमजला. किमती वाढण्याचा वेग, म्हणजे महागाई दर, पहिला मजला. महागाई दर बदलण्याचा वेग दुसरा मजला. "किमती वाढण्याचा वेग कमी झाला" हे डिसइन्फ्लेशन. पण "महागाई वाढण्याचा वेग कमी झाला" याचा अर्थ महागाई अजून वाढतेच आहे, मागच्या वेळेपेक्षा हळू, म्हणजे ५ वरून ८ आणि ८ वरून ९ असं काहीतरी. हे डिसइन्फ्लेशनसुद्धा नाही! एका शब्दाचा फरक, "किमती"ऐवजी "महागाई", आणि उत्तर बदललं. राजकारणी लोकांना ही वाक्यरचना आवडते, कारण ऐकायला दिलासा वाटतो.

आता ही पद्धत कुठे तोकडी पडते तेही बघून घ्या, कारण खरा डेटा तक्त्याइतका गुणी नसतो. अमेरिकेतच जुलै २००८ मध्ये वर्षभरापूर्वीच्या तुलनेत महागाई ५.६ टक्के होती. डिसेंबर २००८ ला ती ०.१ टक्के झाली, मार्च २००९ ला उणे ०.४, जुलै २००९ ला उणे २.१. माझ्या नियमाने डिसेंबरपर्यंत डिसइन्फ्लेशन आणि मार्चपासून डिफ्लेशन, आणि बहुपर्यायी प्रश्नात हेच उत्तर बरोबर धरतील. पण अर्थतज्ज्ञ इथे जरा थांबतात, कारण ही घसरण मुख्यतः इंधनाच्या किमती कोसळल्याने आली होती, अन्न आणि इंधन वगळून काढलेली महागाई त्या काळातही शून्याच्या वरच राहिली. डिफ्लेशनच्या व्याख्येत "सर्वसाधारण" आणि बहुतेकदा "टिकून राहणारी" असे शब्द असतात ते याचसाठी. म्हणून प्रश्नात "तेलाच्या किमती ३० टक्क्यांनी उतरल्या, याला काय म्हणाल" असं असेल तर डिफ्लेशनही नाही आणि डिसइन्फ्लेशनही नाही, तो एका वस्तूच्या सापेक्ष किमतीतला बदल झाला, आणि तसा ऑप्शन बहुतेक वेळा खाली कुठेतरी ठेवलेला असतो.

दुसरी मर्यादा मोजणीच्या काळाची. वरचे आकडे बारा महिन्यांपूर्वीच्या तुलनेत आहेत. महिना ते महिना बघितलं तर किमती उतरायला लागलेल्या असू शकतात आणि वार्षिक दर तरी अजून शून्याच्या वर असू शकतो, कारण वर्षाच्या सुरुवातीची वाढ त्या बारा महिन्यांत अजून मोजली जातेय. २००८ च्या शेवटच्या महिन्यांत नेमकं असंच झालं. तेव्हा प्रश्नात "मासिक" की "वार्षिक" हे शोधा, आणि जे दिलंय त्यावरच उत्तर द्या, दुसरं मनात आणू नका.

सरावासाठी एक देतो, पेपरात येतो तशाच कोरड्या भाषेत. "निर्देशांक १५०, १५९, १६५, १६८, १६७. शेवटच्या वर्षाचं आणि त्याआधीच्या काळाचं वर्णन करा." आधी टक्के काढा: १५९ भागिले १५०, ६ टक्के. १६५ भागिले १५९, ३.८. १६८ भागिले १६५, १.८. १६७ भागिले १६८, उणे ०.६. पहिले तीन शून्याच्या वर आणि घटते, म्हणजे डिसइन्फ्लेशन. शेवटचा शून्याच्या खाली, म्हणजे डिफ्लेशन, आणि निर्देशांक फक्त एकच अंक हललाय म्हणून "स्थिर किमती" हा ऑप्शन तिथे गळ टाकून बसलेला असेल.